नुसत्या 'अझोल'वर थांबू नकोस

औषधांच्या नावांतले प्रत्यय पाठ करायला घेतलेस ते छान, पण 'अझोल म्हणजे बुरशीवरचं औषध' एवढंच वहीत लिहिलं असशील तर ते आजच खोड. 'अझोल' हा वर्गाचा प्रत्यय नाही. त्यातून फार तर रेणूत नायट्रोजन असलेलं पाच अणूंचं वलय असावं एवढा अंदाज येतो. वर्ग कळतो तो त्याच्या आधीच्या अक्षरांतून.

फ्लुकोनॅझोल घे. त्यात 'कोनॅझोल' आहे, म्हणून ते बुरशीविरोधी. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल ते तयार होऊ देत नाही. मेट्रोनिडॅझोलमध्ये 'निडॅझोल' आहे. ते अमीबासारख्या आदिजीवांवर आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंवर चालतं. ओमेप्रॅझोलमधलं 'प्रॅझोल' जठरातला प्रोटॉन पंप बंद करतं, म्हणजे आम्ल कमी होतं.

आता अॅरिपिप्रॅझोल. शेवटी 'प्रॅझोल' दिसतं, म्हणून बरेच जण ते आम्लपित्ताच्या रकान्यात टाकतात. एक अक्षर आणखी मागे जा: 'पिप्रॅझोल'. हा वेगळा प्रत्यय आहे आणि हे औषध स्किझोफ्रेनियावरचं. गंमत म्हणजे यात अझोलचं वलयच नाही. नाव पिपरॅझिन या दुसऱ्याच वलयावरून आलंय. म्हणून जुळणारा सगळ्यात लांब प्रत्यय शोधायचा, मगच वर्ग ठरवायचा.

हे फक्त जेनेरिक नावांना लागू पडतं, कारण ती जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ठरतात. ब्रँडचं नाव कंपनी ठरवते, त्यात प्रत्यय शोधू नकोस. आणि प्रत्ययावरून डोस कळत नाही, तो प्रत्येक औषधाचा वेगळा वाचावाच लागतो.