पाच नंबरचा पोरगा

प्रिय मित्रा,

मोबाइलच्या वापरावर तू घेतलेल्या गटचर्चेची, गेवराईकडच्या गटाची ट्रान्सक्रिप्ट काल वाचली. नववीची सात मुलं, पन्नास मिनिटं. शेवटी तू लिहिलंस, "सगळेच रात्री उशिरापर्यंत गेम खेळतात." मी पेन्सिल घेऊन मोजलं. मुलं एकूण 96 वेळा बोलली, त्यात 53 वेळा पाच नंबरचा. दोन आणि सात नंबर मिळून चार वेळा, त्यातही बहुतेक "हौ सर" एवढंच. "आमी समदेच खेळतो" हे वाक्य पाच नंबरचं. बाकीचे हसले आणि ते हसणं तू होकारात जमा केलंस. त्या मुलांना उद्या त्याच वर्गात बसायचंय. त्याला खोटं कोण पाडणार?

पण त्याच्यापेक्षा मला तू जास्त खटकलास. चौथ्या पानावर दोन नंबरचा म्हणतो, "आमचा फोन आईबापाला बोलायलाच असतोय." तू म्हणतोस, "बरं, पण गेम?" पोरगा पुढं गप्पच झाला. अरे, दिवाळीनंतर त्याचे आईबाप कारखान्यावर, ऊसतोडीला. फोन आजीपाशी. आईबाप फडातून कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर परतले की रात्री व्हिडिओ कॉल, म्हणून तो जागा असणार. निदान तसं विचारायला तर हवं होतं! तुझा पहिलाच प्रश्न "मोबाइलमुळे अभ्यासाचं नुकसान कसं होतं?" असा, म्हणजे नुकसान होतं हे तूच ठरवून आलास. आणि कुणी तसं बोललं की लगेच "बरोबर". पोरं मास्तरांचं तोंड बघून उत्तर द्यायला पहिलीपासून शिकलेली असतात. मीही एकदा वर्गशिक्षकांना दारात उभं राहू दिलं होतं. तासाभरात एकाही मुलानं रील बघतो म्हटलं नाही.

पुढच्या वेळी बोलणं सुरू करण्याआधी कोरे कागद वाट. नाव नको. तीन मिनिटं गप्प बसून लिहायचं: काल जेवणानंतर फोन कुणाच्या हातात होता, कशासाठी? "साधारण किती वेळ" विचारू नकोस, कालचंच विचार. चिठ्ठ्या मिसळून चर्चा त्यांच्यावरून सुरू कर. बडबड्याला तुझ्या शेजारी बसव, म्हणजे नजरानजर कमी होते. अबोल मुलं समोर. "कुणाचं काल वेगळं होतं?" एवढं विचारून थांब. ती शांतता तुला जड जाईल, तरी मध्ये बोलू नकोस.

हा गट फेकू नकोस. पाच नंबरची वाक्यं त्याच्या एकट्याच्या नावावर ठेव आणि अहवालातलं "सगळेच" खोड. किती मुलं किती तास बघतात, हे एवीतेवी अशा चर्चेतून कळत नाही; त्याला वेगळी पाहणी लागते. दोन आणि सात नंबरला मात्र परत भेट, पालकांची आणि त्यांची पुन्हा परवानगी घेऊन. सोबत कुणाला आणायचं ते त्यांनाच ठरवू दे. आणि दोन नंबरच्या घरी कॉलची वेळ झाली असेल, तर त्या रात्री जाऊ नकोस.

तुझी,
ताई