एका मेसेजच्या चार पट्ट्या

"मॅडम, मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. तरी मामा दोन दिवस कामावर आले नाहीत, आणि आता आलेत तर माझ्याशी बोलत नाहीत. त्या दिवसापासून साधा मेसेज टाकायचा म्हटलं तरी दहा वेळा खोडतो. ग्रुपवर टाकू, मेल करू, की फोन करू, काहीच कळत नाही."

माझ्याकडे आलेला हा तरुण शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. मामा म्हणजे तिथेच मोल्डिंगला, वाळूच्या साच्यांवर काम करणारे सहकारी. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

रात्री पावणेदहाला मशीन शॉपमध्ये एका कास्टिंगवर ब्लो होल दिसले, म्हणजे साच्याच्या वाळूत ओल जास्त असली की पडते तशी पोकळी. त्याच हीटचे, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या धातूचे, उरलेले नग पुण्याच्या गाडीत चढत होते आणि गाडी अकराला सुटणार होती. त्यानं डिस्पॅचच्या साहेबांना मेल केला आणि सेहेचाळीस जणांच्या ग्रुपवर फोटोसह लिहिलं : 'मामांच्या लाईनला परत ब्लो होल. या हीटचे नग थांबवा. वाळूचा ओलावा कोण बघतं की नाही?' साहेब गाडीजवळ उभे होते, मेल त्यांनी सकाळी पाहिला. गाडी गेली. वीस मिनिटांनी त्यानं मेसेज डिलीट केला, पण तोवर बऱ्याच जणांनी वाचला होता, आणि मेसेज डिलीट केल्याची खूण मागे राहिलीच. ती पाहून ज्यांनी वाचला नव्हता तेही विचारू लागले.

मी त्याला तो मेसेज आणि मेल कागदावर उतरवायला सांगितलं आणि हातात कात्री दिली. म्हटलं, ज्या वाक्याला वेगळा माणूस किंवा वेगळी वेळ लागते, ते कापून काढा. चार पट्ट्या निघाल्या.

'नग थांबवा' ही पहिली. मी विचारलं, "हे दोन तासांनी वाचलं तर काय होईल?" तो म्हणाला, "गाडी महामार्गाला लागलेली असेल." मग हा फोनच. फोनवर पहिलं वाक्य 'गाडी सोडू नका', कारण नंतर. साहेबांनी उचलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा, आणि तरीही नाही तर थेट गेटवर फोन, कारण गाडी शेवटी गेटमधूनच बाहेर पडते. पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे. घाईच्या कामात समोरून 'थांबवतो' ऐकू येईपर्यंत आपलं काम झालेलं नसतं.

दुसरी पट्टी हीट नंबर, नगांची संख्या आणि फोटोची. ही महिन्याभरानं ग्राहकाची तक्रार आली तर शोधावी लागेल, म्हणून मेल. त्यात 'पावणेदहाला फोनवर बोलल्याप्रमाणे' एवढं आलं की फोनचीही नोंद राहते.

तिसरी, 'मामांच्या लाईनला परत'. इथे तो बराच वेळ गप्प बसला. त्या रात्री मामांची पाळी संपलेली होती. ते घरी असताना कळून वाळूत काहीच बदलणार नव्हतं. म्हणजे घाई शून्य, आणि माणसाचं नाव मात्र सेहेचाळीस जणांपुढे. ही गोष्ट सकाळी, मोल्डिंगपाशी, दोघांतच बोलायची होती.

चौथी पट्टी, 'कोण बघतं की नाही', त्यानं स्वतःच चुरगाळली. "हा माझा राग होता," म्हणाला. ग्रुपसाठी मग एकच ओळ उरली : या हीटचे मशीनिंगचे नग बाजूला ठेवा. त्यात कुणाचं नाव नाही, आणि ती अनेकांना एकदम कळायला हवी. ग्रुप अशाच निरोपांसाठी चांगला.

त्यानं विचारलं, "म्हणजे नाजूक असेल तर नेहमी तोंडीच?" नाही. समोरचा उद्या नाकारू शकेल असं काही असेल, पगार अडवलाय, कुणी त्रास देतंय, तर लेखी हवंच, फक्त ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापुरतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार तर २०१३ च्या कायद्यानुसार समितीकडे लेखीच द्यावी लागते. तिथे 'फोनवर बोलून मिटवू' म्हणणाऱ्याचं मी कधीच ऐकू देत नाही.

मामांचं राहिलं होतं. त्याला ग्रुपवरच माफी मागायची होती. मी म्हटलं, आधी त्यांना विचारा, कारण अपमान त्यांचा झालाय. पुढच्या खेपेला तो सांगत आला. मामा म्हणाले होते, "ग्रुपवर नको बाबा, पुन्हा सगळी वाचत बसतील. चहाला सगळी असतात, तिथं बोल." तो बोलला. त्यानंतर मामांनी त्याला वाळूच्या ढिगाकडे नेलं, मूठभर वाळू दाबून त्याच्या तळहातावर ठेवली. पावसात शेडखालची वाळू ओलावतेय हे त्यांनी आठवड्यापूर्वीच पाळीच्या सुपरवायझरला तोंडी सांगितलं होतं, ते कुठंच लिहिलं गेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं शेडच्या गळतीचा मेल केला. पाठवण्याआधी मामांना वाचून दाखवला आणि विचारलं, "तुमचं नाव घालू का?" मामा म्हणाले, "घाल की."