पीक, शिखर, पट्टा, संकेत

प्रश्न : स्पेक्ट्रोस्कोपीच्या प्रकरणांचा सारांश काढून अज्ञात संयुग ओळखायची मार्गदर्शिका मराठीत लिहितो आहे. आयआर, एनएमआर आणि मास, तिन्हींत ‘पीक’ला ‘शिखर’ म्हटलं तर चालेल का?

फक्त मासमध्ये चालेल. बाकी दोन्हीकडे या शब्दामुळे वाचणारा चुकेल. इथाइल ॲसिटेट, म्हणजे CH3COOC2H5, हे अज्ञात संयुग समजून तिन्ही आलेख वाचून बघा.

आयआरचा आलेख बहुधा पारगमनाचा असतो. जिथे प्रकाश शोषला जातो तिथे रेघ खाली घसरते. या संयुगात १७४० तरंगांकाजवळची खोल घसरण कार्बोनिलची. तिला शिखर म्हटलं तर नवखा माणूस वर बघत बसेल, आणि वर तर काहीच शोषलेलं नसतं. इथे ‘शोषणपट्टा’ म्हणा. ‘रुंद पट्टा’ असंही सहज म्हणता येतं, आणि ते लागतंच : २५०० ते ३६०० या भागात O–H चा रुंद पट्टा दिसत नाही, म्हणून आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही बाद.

खरी अडचण एनएमआरमध्ये आहे. तिथे दोन वेगळ्या गोष्टी मोजायच्या असतात आणि त्यांना दोन वेगळे शब्द हवेतच. हायड्रोजनचे जितके प्रकार तितके ‘संकेत’. एकेका संकेताच्या फुटून झालेल्या त्या ‘रेषा’. या संयुगात १.३ पीपीएमजवळ तीन रेषांचा संकेत, २.० जवळ एकेरी आणि ४.१ जवळ चार रेषांचा. संकेत तीन, रेषा आठ. सगळ्यांना शिखरं म्हटलं तर विद्यार्थी आठ मोजतो, आणि रेणूत हायड्रोजनही योगायोगाने आठच असल्यामुळे त्याला आपली चूक कळतही नाही. हायड्रोजन किती ते संकेताखालच्या क्षेत्रफळावरून ठरतं, इथे ३:३:२. रेषा शेजारी सांगतात : चार रेषा म्हणजे शेजारच्या कार्बनवर तीन हायड्रोजन. हा संकेत ४.१ इतका दूर आहे म्हणजे तो CH2 ऑक्सिजनला जोडलेला. याच रेणुसूत्राच्या मिथाइल प्रोपेनोएटमध्ये चार रेषांचा संकेत २.३ च्या आसपास येतो.

मासमध्ये ‘शिखर’ ठेवा, पण ‘बेस पीक’चं ‘आधार शिखर’ करू नका, असं माझं मत. ‘आधार’ वाचून तेच मूळ रेणूचं शिखर वाटतं. ते फक्त सर्वांत उंच असतं; त्याची उंची १०० धरून बाकीची मोजतात. ‘सर्वोच्च शिखर’ पुरे. इथे ते ४३ ला आहे, म्हणजे CH3CO चा तुकडा. अख्ख्या रेणूचं, म्हणजे ‘रेणु-आयनाचं’ शिखर ८८ ला अगदी बुटकं. दोन्हींतला ४५ चा फरक म्हणजे तुटून गेलेला OC2H5. काही संयुगांत रेणु-आयनाचं शिखर दिसतच नाही, तेव्हा उजव्या टोकाचं शेवटचं शिखर म्हणजेच रेणुभार, असा नियम मार्गदर्शिकेत घालू नका.