बाळाच्या पोटातला न दुखणारा गोळा

मुलगी अडीच वर्षांची आहे. अंघोळ घालताना पोटात डावीकडे टणक गोळा लागला. दुखत नाही, खेळते, जेवते. जंताचं औषध देऊन झालं. सासूबाई म्हणतात बेंबी सरकली असेल, तेलानं चोळू. चालेल का? (भंडारा)

नाही. चोळणं आजच बंद करा आणि उद्यापर्यंत सोनोग्राफी करून घ्या.

दर महिन्याला हाच प्रश्न येतो आणि दर वेळी त्यात जंताचं औषध आणि वाया गेलेले आठवडे असतात. गोळा दुखत नाही म्हणून घरचे निश्चिंत राहतात. किडनी पोटात मागच्या बाजूला असते. तिथली गाठ मोकळ्या जागेत वाढत जाते, म्हणून बराच काळ दुखत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या पोटात एका बाजूला असा गोळा लागला, की आम्हाला पहिली शंका विल्म्स ट्यूमरची येते. हा किडनीचा कर्करोग आहे. किडनीला आलेली सूज, यकृत किंवा प्लीहा वाढणं, अशी दुसरी कारणंही असू शकतात. ती हातानं चाचपून कळत नाहीत.

चोळण्याला माझा एवढा विरोध का, तेही सांगतो. ही गाठ हाताला टणक लागली तरी आतून मऊ असते आणि तिच्यावरचं आवरण पातळ. दाब पडून ती फुटली, तर पेशी पोटभर सांडतात आणि आजार एकदम तिसऱ्या टप्प्यात मोजला जातो. मग पोटाला रेडिएशन द्यावं लागतं, हृदयावर परिणाम करू शकणारं डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध द्यावं लागतं. म्हणून मालिश नको, पट्टा नको, आणि शेजारपाजारच्यांनी "बघू कुठंय" म्हणत दाबून पाहणंही नको. डॉक्टरांनीही एकदा हलक्या हातानं तपासलं की पुरे.

सोनोग्राफीच्या किरणांनी बाळाला अपाय होतो का? (वर्धा)

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच.

मुलाच्या रिपोर्टमध्ये 'उजव्या किडनीतून निघालेली ९ सेंमीची गाठ' असं आलंय. एका सेंटरनं पेट स्कॅनचं पॅकेज सुचवलं. ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, आधी सुईनं तुकडा काढा. (नागपूर)

पॅकेज घेऊ नका. या आजारात पहिल्या तपासणीसाठी सहसा पेट स्कॅन लागत नाही. सोनोग्राफीत शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारं डॉपलर झालंय का ते बघा, कारण ही गाठ किडनीच्या शिरेतून थेट मोठ्या शिरेत शिरू शकते. पुढची पायरी म्हणजे पोटाचा आणि छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन. छातीचा अशासाठी, की हा आजार पसरला तर सर्वांत आधी बहुधा फुफ्फुसात जातो. दुसरी किडनीही त्यात नीट पाहिली पाहिजे, कारण काही मुलांत दोन्हीकडे गाठी असतात. गाठ किडनीतून निघाली नसून बाहेरून तिला ढकलते आहे असं दिसलं, तर न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या दुसऱ्या कर्करोगाचा विचार करून लघवीची व्हीएमए तपासणी करतात.

सुईची घाई नको. वय आणि सीटीचं चित्र नेहमीचं असेल, तर बऱ्याच ठिकाणी तुकडा न काढताच उपचार सुरू होतात. चित्र वेगळं असेल तेव्हाच सुई, आणि तो निर्णय पुढे उपचार करणाऱ्या टीमनं घ्यायचा. आणखी एक, मुलाचं बीपी मोजलं का? या गाठीमुळे ते वाढू शकतं, पण लहान मुलाचं बीपी मोजायचं बहुतेक राहूनच जातं.

गाठ आहे तर लगेच कापून का काढत नाहीत? (गोंदिया)

अमेरिकेत बहुधा आधी ऑपरेशन करतात, युरोपात आधी औषधं. निकाल जवळपास सारखेच आहेत. आपल्याकडे मुलं उशिरा, मोठ्या गाठी घेऊन येतात, म्हणून मला औषधं आधी देणं पटतं.

भंडाऱ्याच्या मुलीसारखंच एक उदाहरण घेऊ: वय अडीच, गाठ फक्त डाव्या किडनीत, फुफ्फुसं स्वच्छ. चार आठवडे दर आठवड्याला व्हिनक्रिस्टिन, त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात ॲक्टिनोमायसिनही. गाठ आक्रसते, फुटण्याचा धोका कमी होतो. मग पोट उघडून किडनी गाठीसकट अखंड काढायची, सोबत जवळच्या लसिका ग्रंथी तपासायला घ्यायच्या. ग्रंथी घेतल्याच नाहीत, तर टप्पा नक्की सांगता येत नाही. पुढचं सगळं पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ठरतं: पहिला टप्पा आणि मध्यम जोखीम असेल, तर आणखी साधारण चार आठवडे औषध, आजार पुढे गेला असेल तर काही महिने, शिवाय गरज पडली तर रेडिएशन. न पसरलेल्या, चांगल्या प्रकारच्या गाठीत दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात. तुमच्या बाळाचा टप्पा मात्र मी पत्रावरून सांगू शकत नाही.

एका किडनीवर मूल जगेल का? (चंद्रपूर)

दुसरी निरोगी असेल तर हो. फक्त दरवर्षी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासा.

नागपुरात कुठं दाखवावं? खर्चाचं काय? (छिंदवाडा)

मेडिकल असो, एम्स असो की खासगी, आधी एकच विचारा: बालशल्यचिकित्सक, लहान मुलांचे कर्करोगतज्ज्ञ आणि रेडिएशनची सोय एकत्र मिळते का? महात्मा जोतिराव फुले योजना महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. तुम्ही मध्य प्रदेशातले, तेव्हा आयुष्मान कार्ड आणा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कागद जमवण्यासाठी मात्र सोनोग्राफी थांबवू नका, ती छिंदवाड्यातच करून रिपोर्ट घेऊन निघा.