तिसऱ्या गोडाऊनची किल्ली

प्रश्न: शीट मेटलचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्याचं स्टोअर-सल्लागार म्हणून काम मिळतंय. मालक म्हणाले, "आमचं स्टोअर एकदा लाइनीवर आणून द्या." प्रपोजलमध्ये व्याप्ती म्हणून नेमकं काय लिहू?

मालकांचं हे वाक्य प्रपोजलच्या अगदी वर, त्यांच्याच शब्दांत लिहा. आपलं दुखणं तुम्हाला कळलंय हे त्यांना दिसेल. व्याप्तीत मात्र ते वाक्य येऊ देऊ नका, कारण स्टोअर लाइनीवर आलं की नाही हे मोजता येत नाही.

लिहिण्याआधी अर्धा दिवस स्टोअरमध्ये काढा. टॅलीत किती आयटम आहेत, माल किती ठिकाणी पडलाय, काय नगावर मोजतात आणि काय वजनावर, प्लेटिंगला बाहेर काय गेलंय, एवढं विचारलंत तरी पुरे. मग व्याप्ती अशी उतरते: "मुख्य स्टोअर आणि शेडमागची पत्र्याची जागा या दोन ठिकाणच्या सुमारे 1,200 आयटमची प्रत्यक्ष मोजणी, टॅलीतील शिलकेशी ताळा, फरकांची कारणांसह यादी, आयटम कोड व रॅक क्रमांक लावणे आणि दोन स्टोअरकीपरना प्रशिक्षण." त्याखाली लगेच: "यात नाही – जॉबवर्कला बाहेर असलेला माल, मशीनवरचा अर्धवट माल, भंगार, मागील वर्षांच्या नोंदींची दुरुस्ती."

ही दुसरी ओळ लिहायला नवख्याला संकोच वाटतो. मलाही वाटायचा. सुरुवातीच्या एका कामात मी ऐटीत "कंपनीचा सर्व माल मोजणे" असं लिहिलं होतं. चौथ्या दिवशी स्टोअरकीपरने हळूच विचारलं, "चाकणच्या गोडाऊनची किल्ली कधी मागवू?" त्या गोडाऊनचं नावही मी ऐकलं नव्हतं. सहा दिवस जादा गेले आणि एक रुपया वाढला नाही. मालकाची चूक नव्हती, "सर्व" हा शब्द माझाच होता.

प्रश्न: अहवाल देऊन दोन महिने झाले, तरी "हा कॉलम वाढवा, तो काढा" चालूच आहे. शेवटचा हप्ता अडकलाय. काम संपलं असं कधी म्हणायचं?

ते प्रपोजलमध्येच ठरायला हवं होतं. आपण "अहवाल" एवढंच लिहितो आणि अडकतो. क्लायंटच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे तीन गोष्टी हव्यात: ती कोणत्या स्वरूपात मिळेल, कोण स्वीकारेल आणि स्वीकारायची कसोटी काय.

वरच्याच स्टोअरचं घ्या. "फरकांची यादी, एक्सेलमध्ये, सोबतच्या नमुन्यातील आठ कॉलमसह." नमुना प्रपोजललाच जोडा, म्हणजे नववा कॉलम मागितला की तो जादा आहे हे दोघांनाही दिसतं. मोजणीची कसोटी: "मालकांनी यादीतून निवडलेले कोणतेही 50 आयटम पुन्हा मोजले जातील, त्यांतील 48 जुळले की मोजणी मान्य." नटबोल्ट वजनावर मोजले असतील तर किती टक्के फरक चालेल तेही लिहा, नाहीतर दहा ग्रॅमवरून वाद होतो. शेवटी ही ओळ: "अहवाल मिळाल्यापासून कामाच्या सात दिवसांत लेखी सूचना याव्यात. एकदा दुरुस्ती करून दिली जाईल. सूचना न आल्यास अहवाल मान्य समजला जाईल."

"स्टॉक 20 टक्क्यांनी कमी होईल" असं मात्र कधीही लिहू नका. खरेदी तुमच्या हातात नसते.

तुमच्या अडकलेल्या हप्त्यासाठी आता एकच करता येईल. उरलेल्या सगळ्या सूचना एका मेलवर मागवा, कोणत्या तारखेला देणार ते कळवा आणि त्याच मेलला शेवटचं बिल जोडा.

प्रश्न: फी दिवसावर सांगू की एकरकमी? आणि टीडीएस, जीएसटीचं काय लिहायचं?

आकडा दिवसांवर काढा, क्लायंटला एकरकमी सांगा. पाहणी व तयारी 3 दिवस, मोजणी 5, ताळा व अहवाल 4, प्रशिक्षण 2, असे 14 होतात. दोन दिवस अडीअडचणीला धरा. दिवसाला 6,000 रुपये दर धरला तर 16 दिवसांचे 96,000. हप्ते तारखांना बांधू नका, टप्प्यांना बांधा: होकारासोबत 40 टक्के, मोजणी मान्य झाल्यावर 40, प्रशिक्षणानंतर 20. शेवटचा हप्ता लहान ठेवला की तो लटकला तरी तुम्ही लटकत नाही.

क्लायंट प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि त्या वर्षातली तुमची फी 50,000 च्या वर जाणार असेल, तर तो 10 टक्के टीडीएस कापेल. म्हणजे 96,000 पैकी हातात 86,400 येतील. उरलेले 9,600 तुमच्या पॅनवर जमा होतात, रिटर्नमध्ये मिळवता येतात.

सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि तुम्ही नोंदणी केलेली नसेल, तर जीएसटी लावायचा नाही. नोंदणी असेल तर "फी 96,000, अधिक 18 टक्के जीएसटी" असंच लिहा. "अधिक" हा शब्द राहिला, तर 96,000 मध्ये जीएसटी आलाच असं क्लायंट म्हणू शकतो आणि मग तो तुमच्या खिशातून जातो. बिलात जीएसटी वेगळा दाखवला की टीडीएस फक्त 96,000 वर कापला जातो.

सूक्ष्म-लघू उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी करून तिचा क्रमांक प्रपोजलवर टाका. सूक्ष्म वा लघू उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसला तर 15 दिवसांत द्यावं लागतं. मुदत चुकली तर क्लायंटला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. त्यांच्या सीएला हे ठाऊक असतं आणि मार्च जवळ आला की तोच तुमच्या बिलाची आठवण काढतो.

प्रश्न: गृहीतकं लिहिली तर क्लायंटला वाटतं, आपण आत्ताच पळवाटा शोधतोय. ती लिहायलाच हवीत का?

"क्लायंटचे पूर्ण सहकार्य अपेक्षित आहे" असं लिहिलं तर तसंच वाटणार. तुमची किंमत ज्या आकड्यांवर उभी आहे ते आकडे म्हणजे गृहीतकं, म्हणून प्रत्येकात एक आकडा हवा आणि तो चुकला तर काय, हेही हवं. "आयटम 1,200 धरले आहेत. 1,300 पर्यंत फीत बदल नाही, त्यापुढे दर 100 आयटमना 3,000 रुपये." "मोजणीचे पाचही दिवस सकाळी 9 ते दुपारी 1 मालाची आवक-जावक बंद राहील. ज्या दिवशी ती चालू राहील, त्या दिवसाची मोजणी पुन्हा करावी लागेल व तो दिवस जादा धरला जाईल." "दोन हेल्पर आणि चालू वजनकाटा कारखाना देईल."

यातलं आवक-जावकीचं सर्वांत आधी मोडतं. तुम्ही रॅक मोजून पुढे सरकता आणि मागून कोणीतरी इश्यू स्लिप न करता दहा ब्रॅकेट उचलून नेतो. संध्याकाळी फरक तुमच्या मोजणीचा दिसतो. म्हणून हे कलम फक्त मेलवर पाठवू नका, मालकांसमोर मोठ्याने वाचा. बहुतेक मालक तिथेच सांगतात, "चार तास माल थांबवणं जमायचं नाही, रविवारी करा." मग रविवारचा दर ठरतो, तोही काम सुरू व्हायच्या आधी.

चारपाच गृहीतकं पुरतात. वीस झाली तर तुमची पाहणीच कमी पडली आहे.

प्रश्न: क्लायंट म्हणतो, आधी रॅकचा पूर्ण आराखडा प्रपोजलमध्ये द्या, मग ठरवू. देऊ का?

नको. एका रॅकचा नमुना द्या. पूर्ण आराखडा हवाच असेल, तर ते तीन दिवसांचं वेगळं काम म्हणून 18,000 रुपयांना मांडा आणि पुढचं काम मिळालं तर ही रक्कम त्यात वळती करू असं लिहा. ज्याला काम द्यायचं असतं तो यावर घासाघीस करतो. ज्याला फक्त आराखडा हवा असतो, त्याचा फोन पुन्हा येत नाही.