आजोबांचा व्हिडिओ, फोटो थोडे असताना

प्रश्न: वर्षश्राद्धाला घरच्यांना दाखवायला आजोबांचा व्हिडिओ करायचाय. जुने फोटो फार नाहीत. क्रम, निवेदन आणि संगीत कसं ठेवू?

गेल्या वर्षी मी आमच्या दादांचा असाच व्हिडिओ केला. आम्ही परभणीकडचे, आजोबांना दादाच म्हणायचो. चाळिशीपर्यंतचे त्यांचे फोटो निघाले तीन. बाकी सगळे नातवंडांच्या लग्नांतले आणि आजारपणातले. वयाप्रमाणे लावले तर शेवट दवाखान्यातल्या खाटेवर आला. आजी बघता बघता उठून गेली.

मग दादांची ट्रंक उघडली. उर्दूतला शाळेचा दाखला, पानाची चंची, हिशेबाची वही. सकाळी ओसरीच्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून त्यांचे फोटो काढले. तरुणपणाची रिकामी जागा या वस्तूंनी भरली. एक सांभाळा, जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेलाच राहतो. काचेवरूनच टिपा आणि आपल्यामागे काळी चादर धरायला लावा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही.

साध्या फोटोला ६ सेकंद पुरतात, म्हणजे ३० फोटोंचे ३ मिनिटं. दाखल्याला मी १२ दिले, कारण तिथं सांगायचं होतं. फोटोत दिसतं ते निवेदनात परत सांगू नका. 'हा दादांचा दाखला' असं न म्हणता मी लिहिलं, 'दादा सातवीपर्यंत शिकले, तेही उर्दूत. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, पण वहीतले आकडे दादा शेवटपर्यंत उर्दूतच मांडायचे.' इथं थांबून वहीचं पान दाखवलं. एका ठिकाणी आजीचाच आवाज ठेवलाय, 'हरभऱ्याच्या दिवसांत तेंच्या धोतराला आंबीचा वास यायचा.' असं वाक्य आपल्याला लिहून सुचत नाही. तिन्ही मिनिटांत मिळून दोनशेच्या आत शब्द ठेवा, नाहीतर बघायला उसंत राहत नाही. आवाज गाद्या-गोधड्यांच्या खोलीत, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून घ्या.

संगीतात शब्द असले की ते निवेदनाशी भांडतात. म्हणून बोलण्याखाली नुसती एकतारी ठेवली आणि अभंग शेवटच्या चाळीस सेकंदांत, जिथं कुणीच बोलत नाही. तो गावच्या भजनी मंडळानं मारुतीच्या देवळात म्हटला. फोन दहा-बारा फुटांवर ठेवला होता, जवळ ठेवला की टाळांनी आवाज फाटतो. बाजारातली रेकॉर्डिंग वापरून व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर हक्काचा दावा येऊ शकतो, अभंगाचे शब्द कितीही जुने असले तरी.

अभंगावर शेवटचा फोटो आहे तो शेतातला, हातात हुरडा धरून हसतानाचा. आजारपणातला एकही ठेवला नाही.

बोलणं चालू असताना संगीत शंभरातलं पंधरा-वीसच ठेवा आणि ज्या स्पीकरवर लावणार त्यावरच आदल्या दिवशी ऐकून बघा. फोनवर एकतारीचा खर्ज ऐकूच येत नाही. आमच्या मांडवातल्या स्पीकरवर तो इतका उठला की आजीचं वाक्य बुडालं, आणि रात्री बसून मला तेवढा तुकडा परत करावा लागला.