पस्तीसच्या अलीकडे, पस्तीसच्या पलीकडे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

शिकलेल्यांना पैसे जास्त का मिळतात, यावरच्या तुझ्या निबंधाचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्या पानावर तू मानवी भांडवलाच्या बाजूने आहेस, म्हणजे शिक्षणाने माणसाची कुवतच वाढते; चौथ्या पानावर संकेत सिद्धान्ताच्या, म्हणजे पदवी मुळातली कुवत फक्त दाखवून देते; आणि समासात पेन्सिलीने लिहिले आहेस, "सर, शिकलं तं पैसे जास्त भेटतेच, मंग वाद कायचा?" सगळ्या निबंधात खरा प्रश्न तेवढाच आहे.

बाजार समितीच्या आवारात व्यापारी गाडीतल्या ढिगात हात घालतो, कापसाचा पुंजका चिमटीत धरून ओढतो, धाग्याची लांबी पाहतो आणि मगच भाव बोलतो. माणसाला असे ओढून पाहता येत नाही, म्हणून मालक पदवी पाहतो. मानवी भांडवल मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरच्या मते शिक्षणाने धागाच लांब होतो. संकेत सिद्धान्त मांडणाऱ्या मायकेल स्पेन्सने 1973 मध्ये दाखवले की धागा तसूभरही वाढला नाही तरी भाव वाढू शकतो.

त्याचे उदाहरण आपल्या रुपयांत मांडतो. काही कामगार मालकाला वर्षाला 1 लाखाचे काम देतात, काही 2 लाखांचे, आणि कोण कोणता हे मालकाला कळत नाही. शिक्षणाच्या एका एककाचा एकूण त्रास, म्हणजे पैसा, वेळ आणि जागरणे, पहिल्यांना 1 लाखाचा पडतो, दुसऱ्यांना 50 हजारांचा. दीड एकक शिकलेल्यास 2 लाख, बाकीच्यांस 1 लाख, असे मालकाने ठरवले, तर पहिल्याच्या हाती शिकून 50 हजारच उरतात, म्हणून तो शिकत नाही. दुसऱ्याच्या हाती सव्वा लाख उरतात, म्हणून तो शिकतो. मालकाचा अंदाज खरा ठरतो, पदवीला भाव येतो, आणि कोणाच्याही कामात काडीची भर पडलेली नसते. इथे पदवी खोटी नाही, हे ध्यानात घे. "संकेत म्हणजे दिखावा" हे तुझे वाक्य खोडून टाक.

आता माझे एकच म्हणणे, जे तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: दोन्ही सिद्धान्त जे भाकीत करतात, तो कोणाचाच पुरावा नव्हे. शिक्षणासोबत कमाई वाढते, हे दोघेही सांगतात. एम.ए.ला असताना मी तालुक्यातल्या पदवीधरांची आणि दहावी झालेल्यांची कमाई गोळा करून चाळीस पानांत मानवी भांडवल सिद्ध केले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढेच विचारले, "संकेत सिद्धान्त खरा असता, तर या तक्त्यात काय वेगळे दिसले असते?" मला उत्तर देता आले नाही. पुढे याच एका चुकीसाठी मी कित्येक मुलांचे गुण कापले. मला कठोर म्हटले गेले. मी आजही कापले असते.

पदवीच्या वर्षाला कमाई एकदम उडी घेते, म्हणून संकेत खरा, हे तुझे चौथे पानही त्याच कारणाने पडते. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडणारा आणि तिसरे पूर्ण करणारा यांच्यात कागदाखेरीजही फरक असतो. शिवाय आपल्याकडे तलाठ्याच्या अर्जालाच पदवी लागते. ती उडी नियमाची आहे, मालकाच्या अंदाजाची नव्हे.

मग भाकिते वेगळी कुठे होतात? कौशल्य सारखे आणि कागद मात्र एकाकडेच, अशी माणसे जिथे सापडतील तिथे. डेमन क्लार्क आणि पॅको मार्टोरेल या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ती शोधली. तिथे शाळेचे प्रमाणपत्र मिळवायला एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे. बारावीच्या अखेरच्या संधीत जेमतेम पार झालेले आणि जेमतेम राहिलेले विद्यार्थी त्यांनी घेतले आणि पुढील कमाई ताडून पाहिली. 2014 मध्ये छापलेला निष्कर्ष असा की प्रमाणपत्राने कमाईत जवळजवळ फरक पडला नाही. मात्र "संकेत हरला" असे लिहू नकोस. ही वर्गातली सर्वांत मागची मुले होती आणि प्रश्न शाळेच्या दाखल्याचा होता; कॉलेजच्या पदवीबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही.

तू सुचवलेली 34 आणि 35 गुणांची तुलना मला मनापासून आवडली, पण ती आपल्या दहावीला तशीच लावता येणार नाही. मंडळ सवलतीचे गुण देते, त्यामुळे 34 वर थांबायचे ते पुष्कळसे 35 वर जाऊन बसतात, आणि ती सवलत सर्वांना सारखी मिळत नाही. आधी गुणांचा आलेख काढ. 35 वर टेकडी आणि तिच्या अलीकडे खड्डा दिसला, तर दोन्ही बाजूंची मुले सारखी राहिली नाहीत असे समज आणि तुलना तिथेच सोड.

चौथे पान नव्याने लिहून पाठव. समासातला तो प्रश्न या वेळी शाईने पहिल्या ओळीत यावा.

तुझा,
सर